साहित्याला हद्द असते, उजेडाला नसते

हॉल, जेवणाची जागा आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंतच नाही, असे फ्लॅट आता पुण्या-मुंबईत सर्रास दिसतात. अशा घराचं काम सुरू होण्याआधी ते कसं दिसेल हे मालकाला दाखवायचं असतं. त्या चित्राला या धंद्यात रेंडर म्हणतात. हॉलमध्ये सागवानी व्हीनिअरची भिंत, स्वयंपाकघरात काळ्या कडाप्प्याचा ओटा, खाली सगळीकडे निळसर कोटा लादी. डावीकडच्या बाल्कनीतून उतरतं ऊन, टेबलावर पिवळसर लटकता दिवा, ओट्यावरच्या कपाटाखाली पांढरी पट्टी. हे सगळं एका परिच्छेदात लिहून चित्र तयार करणाऱ्या एआय मॉडेलला दिलं, की पहिल्या नजरेत छान वाटणारं चित्र हाती येतं. नीट पाहिलं की दिसतं, ओटा तपकिरी झालाय, सागवानाच्या भिंतीत काळे पट्टे आलेत, लादीत लाकडाच्या रेषा उमटल्यात आणि तीन वेगळ्या उजेडांऐवजी सगळ्या घरावर एकच मधाळ छटा पसरली आहे.

यावरचा उपाय म्हणजे चित्राचे भाग पाडून प्रत्येक भागाला त्याची वेगळी सूचना देणं. याला रीजनल प्रॉम्प्टिंग म्हणतात. साहित्यासाठी ही रीत उत्तम चालते. उजेडासाठी मात्र तीच रीत जशीच्या तशी वापरली, तर घराचे तुकडे पडतात. सागवान जिथे संपतं तिथे संपतं. दिव्याचा उजेड कुठल्याही आखलेल्या रेषेवर थांबत नाही. म्हणून दोघांना वेगळ्या तऱ्हेने हाताळावं लागतं. ते कसं, हे वरच्याच घराचं उदाहरण घेऊन सविस्तर पाहू.

शब्द चित्रात कुठे जाऊन बसतात

स्टेबल डिफ्यूजनसारखं मॉडेल चित्र काढायला सुरुवात करतं ते निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळापासून. पंचवीस-तीस पायऱ्यांमध्ये तो गोंधळ थोडा थोडा पुसत ते चित्रापर्यंत पोचतं. हे काम थेट पिक्सेलवर चालत नाही. स्टेबल डिफ्यूजन एक्सएल या मॉडेलला १२१६ × ८३२ पिक्सेलचं चित्र मागितलं, तर ते आतमध्ये १५२ × १०४ घरांच्या एका लहान जाळीवर काम करतं. म्हणजे जाळीतलं एक घर चित्रातल्या ८ × ८ पिक्सेलएवढं.

आपण लिहिलेली सूचना दुसऱ्या वाटेने आत येते. तिचे बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याचे आकडे होतात, आणि दर पायरीला जाळीतली घरं या तुकड्यांकडे पाहून ‘यातलं माझ्या कामाचं काय’ हे ठरवतात. या यंत्रणेला क्रॉस-अटेन्शन म्हणतात. गोंधळाचं मूळ इथेच आहे. ‘काळा’ हा शब्द ‘ओटा’ या शब्दाचाच आहे, अशी पक्की गाठ कुठेही मारलेली नसते. वाक्यातला प्रत्येक शब्द चित्रातल्या प्रत्येक घराला दिसतो. त्यामुळे सागवानाचा तपकिरी रंग ओट्याला लागतो आणि ओट्याचा काळा भिंतीत उतरतो. शिवाय या मॉडेलचा शब्द वाचणारा भाग एका वेळी फक्त ७५ तुकडे घेतो. बहुतेक साधनं लांब सूचनेचे ७५-७५ चे गठ्ठे करून पुढे पाठवतात, पण त्यामुळे कोणता गुण कोणत्या वस्तूचा हे आणखी सैल होतं.

भाग पाडून सूचना देण्याच्या मुख्य वाटा दोन. पहिलीत क्रॉस-अटेन्शनच्या आतच पडदा धरला जातो. डावीकडच्या घरांना फक्त डावीकडची सूचना दिसते, उजवीकडच्यांना उजवीकडची. दुसऱ्या वाटेत मॉडेल दर पायरीला प्रत्येक सूचनेसाठी वेगवेगळं चालवलं जातं आणि ‘आता काय पुसायचं’ याची उत्तरं मास्कप्रमाणे मिसळली जातात. एनव्हिडिआच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ईडिफ-आय या मॉडेलसोबत पहिल्या जातीची रीत दाखवली होती. त्यात चित्रावर रंगवायचं आणि त्या रंगाला शब्द जोडायचा. दुसऱ्या जातीची रीत २०२३ च्या मल्टिडिफ्यूजन या शोधनिबंधात नीट मांडली गेली. त्याच वर्षी ‘रीजनल प्रॉम्प्टर’ नावाचं मोफत जोडसाधन आलं आणि दोन्ही वाटा सामान्य वापरणाऱ्यांच्या हातात पडल्या.

दुसरी वाट संथ आहे, पण कोणत्या सूचनेचं वजन कुठे किती हे तीत आकड्यांत ठरवता येतं. म्हणून पुढचं उदाहरण तिच्यावर बेतलं आहे. त्यासाठी कम्फीयूआय हे मोफत साधन घेऊ. त्यात कामाचा प्रत्येक टप्पा म्हणजे एक चौकोन, आणि चौकोन तारांनी जोडायचे. या चौकोनांना नोड म्हणतात.

आधी घराचा सांगाडा

मास्क आखण्याआधी घराची भूमिती पक्की करावी लागते. नाहीतर ओट्याचा मास्क एका जागी आणि मॉडेलने काढलेला ओटा भलत्याच जागी, असं होतं. आपल्या उदाहरणातलं घर स्केचअप किंवा ब्लेंडरमध्ये साध्या ठोकळ्यांनी उभं करायचं. भिंती, ओटा, कपाटं, टेबल, सोफ्याचा ढोबळ आकार एवढं पुरतं. कॅमेरा दारात उभा आहे असं धरू. डावीकडे बाल्कनीचा सरकता दरवाजा, त्याला लागून हॉल, मधोमध मागे जेवणाचं टेबल, उजवीकडे स्वयंपाकघर.

या त्रिमितीय नमुन्यातून तीन गोष्टी काढून घ्यायच्या. पहिली, खोलीचा नकाशा. हे करड्या छटांचं चित्र असतं. जवळचं पांढरं, लांबचं काळं. कंट्रोलनेट नावाचा जोडभाग हा नकाशा वाचून मॉडेलला आकार सोडू देत नाही. दुसरी, मास्क. ब्लेंडरमध्ये क्रिप्टोमॅट नावाची सोय आहे, तिच्यातून प्रत्येक वस्तूचा किंवा साहित्याचा काटेकोर आकार वेगळा काढता येतो. हाताने रंगवलेल्या मास्कपेक्षा हे कितीतरी अचूक. तिसरी गोष्ट म्हणजे साध्या रंगांतलं, पण खऱ्या हिशेबाने उजेड पाडलेलं चित्र. ती सगळ्यात महत्त्वाची आहे. तिच्याकडे उजेडाच्या भागात येऊ.

इथे कम्फीयूआयमधली एक खाच लक्षात ठेवायला हवी. त्यात कंट्रोलनेट सूचनेला जोडलं जातं, चित्राला नाही. सहा-सात सूचनांपैकी एकीलाच ते जोडलं, तर बाकीच्या सूचना आपापल्या मनाने खोली कल्पतात आणि मिसळताना कडा दुहेरी दिसतात. म्हणून सगळ्या सूचना आधी `Conditioning (Combine)` ने एकत्र करायच्या आणि त्यानंतर `Apply ControlNet` लावायचं. मग ते यादीतल्या प्रत्येक सूचनेला लागतं.

साहित्य: खोलीप्रमाणे नव्हे, पृष्ठभागाप्रमाणे

नवशिका माणूस चित्राचे तीन उभे पट्टे पाडतो. डावा हॉल, मधला डायनिंग, उजवा स्वयंपाकघर. साधनंही हेच सुचवतात, कारण पट्टे पाडणं सोपं. पण आपल्या घरात कोटा लादी तिन्ही जागांतून सलग जाते. तीन पट्ट्यांत ती तीन वेळा वेगवेगळी कल्पली जाते आणि तीन छटांची होते. सांधे एकमेकांसमोर येत नाहीत आणि पट्ट्याच्या हद्दीवर जमिनीत उभी चीर दिसते. छताचंही तेच.

म्हणून साहित्याचे मास्क खोल्यांचे न करता पृष्ठभागांचे करायचे. आपल्याकडे असे चार होतात: सागवानी भिंत आणि तिच्यापुढची बैठक, साध्या गिलाव्याच्या भिंती, ओटा आणि कपाटं, आणि सलग जमीन. प्रत्येकाची सूचना छोटी ठेवायची. हे मॉडेल मुख्यतः इंग्रजी मजकुरावर शिकलेलं असल्याने सूचना इंग्रजीत लिहाव्या लागतात.

```
interior photograph of one apartment, wide view, late afternoon sun from the left

A: vertical honey-brown teak veneer panels, straight grain, satin finish
B: off-white lime plaster, smooth, matte
C: jet black honed stone counter, pale grey laminate shutters, white square tiles
D: blue-grey limestone floor slabs, honed, thin dark joints
```

वरचं पहिलं वाक्य हा पाया. ते एकटं एक सूचना म्हणून संपूर्ण चित्राला लागतं, आणि खालच्या चारही सूचनांच्या सुरुवातीलाही तेच जोडायचं. त्यामुळे प्रत्येक सूचना एकाच घराची, एकाच वेळेची कल्पना करते. A, B ही अक्षरं आपल्या सोयीसाठी आहेत, सूचनेत टाकायची नाहीत.

या चार ओळींत ‘किचन’ किंवा ‘लिव्हिंग रूम’ हे शब्द मुद्दाम नाहीत. दुसऱ्या वाटेत मॉडेल प्रत्येक सूचनेसाठी पूर्ण चौकट कल्पतं आणि त्यातला मास्कपुरता भाग आपण घेतो. ‘स्वयंपाकघर’ म्हटलं की ते अख्खं स्वयंपाकघर उभं करू पाहतं, त्याच्या स्वतःच्या खिडकीसकट आणि छताच्या दिव्यासकट. मास्कमध्ये त्याचा जो काही तुकडा सापडेल तो येतो, आणि मग जिथे खिडकी नाही तिथे अर्धी खिडकी दिसते. पृष्ठभागाचं वर्णन केलं की मॉडेलला खोली नव्याने उभारायचं कारण उरत नाही. खोली सांगाड्याने आधीच दिलेली असते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या साहित्याची. ‘कोटा’ किंवा ‘कडाप्पा’ ही नावं लिहून भरवशाचं चित्र मिळत नाही. त्याऐवजी डोळ्यांना जे दिसतं ते लिहावं: रंग, चमक, सांधा, कड. वरच्या सूचनांत कडाप्प्याचा ‘काळा, घोटलेला, चकाकी नसलेला दगड’ आणि कोट्याचा ‘निळसर करडा चुनखडक’ झाला आहे, तो याच कारणाने.

आता वजनं. प्रत्येक सूचना `Conditioning (Set Mask)` या नोडमधून मास्कला जोडली जाते आणि तिथे `strength` नावाचा आकडा असतो. एका जागी अनेक सूचना लागू असतील, तर कम्फीयूआय त्यांची वजनानुसार सरासरी काढतं. पायाभूत सूचनेचं वजन १ आणि साहित्याच्या सूचनेचं ४ ठेवलं, तर ओट्यावरच्या प्रत्येक घरात ५ पैकी ४ भाग, म्हणजे ८० टक्के, ओट्याचं ऐकलं जातं आणि २० टक्के अख्ख्या घराचं. या २० टक्क्यांमुळेच वेगवेगळे भाग एका घरात राहतात. पाया काढून टाकला तर साहित्य अगदी स्वच्छ येतं, पण प्रत्येक भाग कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. उलट साहित्याचं वजन १ च ठेवलं, तर निम्मं-निम्मं होतं आणि काळा ओटा करडा पडतो.

त्याच नोडमध्ये `set_cond_area` ही निवड असते. तिथे `default` ठेवायचं. दुसरी निवड `mask bounds` वेळ वाचवते, कारण मॉडेलला फक्त मास्कभोवतीची चौकटच दाखवली जाते. पण मग ओटा काढणाऱ्या मॉडेलला बाल्कनी दिसतच नाही आणि ऊन कोणत्या बाजूने येतंय हे त्याला कळायचा मार्ग उरत नाही. `default` मध्ये दर पायरीला प्रत्येक सूचना आतापर्यंत तयार झालेलं संपूर्ण चित्र पाहून उत्तर देते. शेजारच्या भागाची थोडीफार जाण त्यातूनच येते.

उजेड: उगम भागाचा, पसारा घराचा

साहित्य इथवर जागेवर बसतं. उजेडासाठीही हाच मार्ग धरून C च्या सूचनेत ‘पांढरा दिवा’ आणि A च्या सूचनेत ‘मावळतीचं ऊन’ लिहिलं, तर काय होतं? जिथे A चा मास्क संपतो तिथे ऊनही संपतं. एकाच गिलाव्याच्या भिंतीवर मध्येच रंग बदलतो. खऱ्या घरात ऊन बाल्कनीतून आत येऊन लादीवर पडतं, तिथून उडून छताच्या खालच्या बाजूला हलकी ऊब देतं आणि क्षीण होत ओट्यापर्यंत जातं. टेबलावरच्या दिव्याचा पिवळा उजेड कपाटाच्या कडेवर पोचतो. कपाटाखालची पांढरी पट्टी टेबलाच्या जवळच्या कोपऱ्यावर थोडी सांडते.

हे मॉडेल उजेडाचा हिशेब करत नाही. किरण कुठून निघाला, कुठे आदळला, किती उरला, हे ते मोजत नाही. लाखो छायाचित्रं पाहून त्याला सवय लागली आहे की असं ऊन असलं की साधारण अशी खोली दिसते. एकसंध चित्रात ही सवय बऱ्यापैकी निभावते. भाग पाडले की मोडते, कारण प्रत्येक सूचना आपल्यापुरतं पटणारं चित्र मागते.

म्हणून उजेडाचा हिशेब, जे मोजू शकतं त्या साधनाकडे सोपवावा. मघाशी मागे ठेवलेली तिसरी गोष्ट इथे कामी येते. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनात प्रत्येक वस्तूला फक्त तिचा सरासरी रंग द्यायचा. ओट्याला जवळजवळ काळा, सागवानाला मध्यम तपकिरी, लादीला निळसर करडा. पोत नाही, रेषा नाहीत. मग दिवे लावायचे: डावीकडून तिरका सूर्य, टेबलावर २७०० केल्विनचा दिवा, कपाटाखाली ४००० केल्विनची पट्टी. केल्विन हा आकडा दिव्याच्या खोक्यावर छापलेला असतो; तो कमी तितका उजेड पिवळा, जास्त तितका पांढरा-निळसर. ब्लेंडरमध्ये तो आकडा थेट देता येतो. हे चित्र पोत नसल्यामुळे खेळण्यातल्या घरासारखं दिसेल, पण त्यातली सावली आणि उजेडाचा उतार हिशेबाने आलेला असेल.

सरासरी रंग देणं महत्त्वाचं. बरेच जण सगळं पांढरं ठेवून रेंडर काढतात. तसं केलं तर पुढे काळा ओटा काही केल्या काळा होत नाही, आणि पांढऱ्या लादीवरून उडालेला उजेड खऱ्या लादीपेक्षा खूप जास्त धरला जातो, त्यामुळे खोली उगाच उजळ दिसते.

आता मॉडेलची सुरुवात कोऱ्या गोंधळापासून न करता या चित्रावर गोंधळ टाकून करायची. कम्फीयूआयच्या `KSampler` मध्ये `denoise` हा आकडा ०.७५ ते ०.८५ च्या आसपास ठेवायचा. चित्र घडण्याच्या क्रमात याचं कारण दडलं आहे. पहिल्या काही पायऱ्यांत मॉडेल मोठ्या गोष्टी ठरवतं: कुठे उजळ, कुठे गडद, कुठे उबदार. शेवटच्या पायऱ्यांत बारीक गोष्टी येतात: लाकडाच्या रेषा, दगडाचा कण, कापडाची वीण. `denoise` १ केलं तर आपण हिशेबाने पाडलेला उजेड पुसला जातो. ०.५ वर आणलं तर खेळण्यातलं घर तसंच राहतं आणि साहित्याला पोत येत नाही. मधल्या पट्ट्यात उजेडाचा ढोबळ आराखडा टिकतो आणि साहित्य नव्याने येतं.

दिव्यांसाठी दोन छोट्या सूचना तरीही लागतात, कारण दिवा पेटलेला दिसायला हवा आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंवर चमक यायला हवी. त्यांच्याही सुरुवातीला पायाचं वाक्य जोडायचं.

```
soft warm tungsten glow from a pendant lamp
neutral white strip light under wall cabinets
```

यांचे मास्क साहित्याच्या मास्कसारखे नसावेत. साहित्याचा मास्क वस्तूच्या कडेवर चोख संपतो. उजेडाचा मास्क दिव्यापाशी पूर्ण पांढरा आणि बाहेर जाताना विरळ होत गेलेला हवा, आणि तो ओटा, भिंत, लादी अशा सगळ्या हद्दी ओलांडून गेला पाहिजे. जिंपसारख्या साधनात मोठा गॉसिअन ब्लर देऊन असा मास्क पाच मिनिटांत होतो.

त्याला वजन २ द्यायचं. मग दिव्याच्या अगदी खाली, जिथे मास्क पूर्ण आहे, तिथे पाया १, साहित्य ४, दिवा २ असे मिळून ७ भाग होतात. दिव्याचा वाटा सुमारे २९ टक्के. थोडं दूर लादीवर, जिथे मास्क निम्मा विरळ झाला आहे, तिथे दिव्याचा वाटा ६ पैकी १, म्हणजे १७ टक्के. ओट्याच्या कडेला मास्क दहा टक्के उरला असेल, तर वाटा ४ टक्क्यांच्या आत येतो. म्हणजे दिव्याचं म्हणणं कुठेही झटक्यात तुटत नाही, ओसरत जातं.

इथे सूचनेत `2700K` असं लिहून उपयोग नाही. मॉडेलला त्या आकड्याचा अर्थ पक्का ठाऊक नसतो. ‘उबदार’, ‘तटस्थ पांढरा’ असे शब्द त्याला जास्त कळतात. नेमका रंग आपल्या हिशेबी चित्रातून आधीच आलेला आहे.

चूक कशी ओळखायची

असं चित्र पाहताना डोळा फसतो, कारण बारीक पोत इतका खरा वाटतो की उजेडाकडे लक्ष जात नाही. म्हणून काही ठरावीक तपासण्या कराव्यात.

पहिली शिवणीची. तयार चित्र आणि हिशेबी चित्र, दोन्ही करड्या छटांत करायची, दोन्हींना सुमारे ४० पिक्सेलचा ब्लर द्यायचा आणि शेजारी ठेवायची. पोत नाहीसा होतो, फक्त उजेड उरतो. दोन्हींत उजळ आणि गडद ठिकाणं जुळली पाहिजेत. तयार चित्रात मास्कच्या हद्दीवर सरळ पायरी दिसली, तर तिथल्या साहित्याच्या सूचनेचं वजन जास्त झालं आहे किंवा तिच्यात उजेडाचा शब्द घुसला आहे. ‘चकचकीत’, ‘प्रकाशमान’, ‘सोनेरी’ हे शब्द साहित्याचे वाटतात, पण मॉडेल त्यांतून उजेड वाचतं.

दुसरी पांढऱ्याची. गिलाव्याची भिंत सगळीकडे एकाच रंगाची आहे. रंग टिपणाऱ्या साधनाने ती दिव्याजवळ आणि पांढऱ्या पट्टीजवळ अशी दोन ठिकाणी टिपायची. दिव्याजवळ लाल आकडा निळ्यापेक्षा स्पष्ट जास्त यायला हवा, पट्टीजवळ दोघांतलं अंतर कमी झालं पाहिजे. दोन्हीकडे सारखाच पांढरा आला, तर प्रत्येक भागाने आपला पांढरा आपल्यापुरता शुद्ध करून घेतला आहे. खरा कॅमेरा असं करत नाही. त्याला एका चौकटीत एकच पांढरा धरावा लागतो, आणि त्या मानाने एक दिवा पिवळा व दुसरा गार दिसतो.

तिसरी गळतीची. बाकी सगळं, आणि विशेषतः सुरुवातीच्या गोंधळाचा क्रमांक म्हणजे सीड, तसाच ठेवून फक्त A मधलं सागवान बदलून दुसरं लाकूड लिहायचं आणि चित्र पुन्हा काढायचं. दोन्ही चित्रं जिंपमध्ये एकावर एक ठेवून वरच्याला `Difference` ही पद्धत लावली, की जे बदललं नाही ते काळं दिसतं. भिंत बदललेली दिसेलच. जमिनीवर भिंतीजवळ हलका बदल दिसला तर तो योग्यच आहे, कारण लाकडाचा रंग लादीवर थोडा उतरतो. पण लांबच्या ओट्यावरच्या फरशा ठळक बदलल्या असतील, तर मास्क चुकला आहे किंवा पायाच्या वाक्यात लाकडाचा उल्लेख राहून गेला आहे.

चौथी तपासणी प्रतिबिंबांची, आणि ती सगळ्यात कठीण. घोटलेल्या काळ्या दगडात समोरच्या भिंतीची अंधूक झाक दिसायला हवी. C च्या सूचनेला सागवान माहीतच नसतं, म्हणून ती ओट्यात बहुधा करडी झाक टाकते. ओटा चित्रात मोठा असेल तर तेवढाच भाग निवडून, सूचनेत ‘तपकिरी लाकडाची अंधूक झाक’ असं लिहून तो पुन्हा काढावा लागतो. याला इनपेंटिंग म्हणतात.

ही रीत कुठे थांबते

पहिली मर्यादा आकाराची. आतली जाळी आठ पिक्सेलची असली, तरी या मॉडेलमध्ये शब्द पाहण्याचं काम त्याहून जाड जाळीवर, सोळा आणि बत्तीस पिक्सेलच्या घरांवर चालतं. ४० पिक्सेल रुंदीचा पितळी दिवा जाड जाळीत जेमतेम एका घरात मावतो. त्याला स्वतंत्र सूचना दिली तरी ती शेजारच्या भिंतीत विरघळते. मूठ, नळ, बटणं, दिव्याची कड असल्या गोष्टींसाठी भागांची सूचना वापरूच नये. त्या नंतर तो भाग मोठा करून इनपेंटिंगने काढाव्यात.

दुसरी मर्यादा वेळेची. साध्या चित्रात मॉडेल दर पायरीला दोनदा चालतं, एकदा हव्या असलेल्या गोष्टींच्या सूचनेसाठी आणि एकदा नको असलेल्या गोष्टींच्या. आपल्याकडे पाया, चार साहित्यं, दोन दिवे आणि नको असलेल्यांची एक मिळून आठ सूचना झाल्या. म्हणजे काम चौपट. प्रत्येक उशीला, प्रत्येक कुंडीला वेगळा भाग करत गेलं, तर वेळ वाढतो आणि हद्दीही वाढतात. जितक्या हद्दी, तितक्या शिवणी. चार-पाच पृष्ठभागांवर थांबणं बरं.

२०२४ मध्ये आलेल्या फ्लक्ससारख्या नव्या मॉडेलांना लांब वाक्यं जास्त चांगली कळतात. ‘डावीकडे सागवान, उजवीकडे काळा ओटा’ हे ती पुष्कळदा नुसत्या वाक्यावरून जमवतात. पण कोणता पृष्ठभाग नेमका कुठे संपतो हे वाक्यातून सांगता येत नाही. त्यासाठी तिथेही मास्क लागतो. आणि उजेडाचा हिशेब तीही करत नाहीत.

तिसरी मर्यादा या चित्राच्या वापराची आहे, आणि ती डिझाइनरने मालकाला स्पष्ट सांगायला हवी. ओट्यावर भाजी चिरायला पुरेसा उजेड पडेल का, हे या चित्रावरून ठरत नाही. चित्रातली पांढरी पट्टी सुंदर दिसते म्हणून ती पुरेशी आहे असं होत नाही. तो प्रश्न लक्सचा, म्हणजे पृष्ठभागावर प्रत्यक्ष किती उजेड पडतो त्याच्या मापाचा, आणि तो दिव्याच्या उत्पादकाने दिलेल्या आकड्यांवर डायलक्ससारख्या साधनात सोडवायचा असतो. सागवानाची छटाही चित्रावरून ठरवू नये. व्हीनिअरचा तुकडा आणि घोटलेल्या कडाप्प्याचा तुकडा त्याच फ्लॅटमध्ये, त्याच दोन दिव्यांखाली धरून पाहावा. चित्राने उत्तर द्यायचं ते एवढंच, की ही चार साहित्यं आणि हे तीन उजेड एका घरात शेजारी नांदतील का. मास्क पृष्ठभागांप्रमाणे पाडले असतील आणि उजेड हिशेबाने पाडला असेल, तर त्या प्रश्नाच्या उत्तरावर मालकाने विसंबायला हरकत नाही.